रेंजच्या बाहेरची किडनी

माझी एक किडनी आमच्या ह्यांच्या पोटात आहे. हे मी सगळ्यांना सांगते, कुणी विचारलं नाही तरी सांगते. लग्नाच्या पंगतीत सांगितलंय, बँकेच्या रांगेत सांगितलंय, एकदा तर रिक्षावाल्याला सांगितलं. ह्यांना ते आवडत नाही. "अगं, सगळ्यांना कशाला?" म्हणतात. मी म्हणते, तुम्ही घातलेलं मंगळसूत्र मी चारचौघांत मिरवलं, तेव्हा नाही अडवलंत ते?

लोकांना वाटतं, नवी बसवताना जुन्या काढून टाकतात. तसं काही नसतं. ह्यांच्या स्वतःच्या दोन्ही किडन्या जागच्या जागी आहेत, निवृत्त होऊन बसलेल्या. माझी खाली, उजव्या बाजूला, मांडीच्या जरा वर बसवली. म्हणजे ह्यांच्याकडे एकूण तीन, त्यातली कामाची एक, आणि ती माझी. बढाई मारायला एवढं पुरे आहे.

पण शरीराला काही कौतुक नसतं. परकी वस्तू आत आली म्हणून ते तिच्यावर कधीही उठू शकतं, म्हणून सकाळ-संध्याकाळ गोळ्या आणि दर दोन महिन्यांनी रक्ताची तपासणी. त्या तपासणीत आम्ही आधी बघतो क्रिएटिनिन. स्नायूंच्या कामातून तयार होणारा तो कचरा किडनी बाहेर टाकते. ती मंदावली की रक्तातला आकडा वर सरकतो. ह्यांचा आकडा वर्षानुवर्षं एक पॉइंट दोनच्या आसपास. मुलीच्या दहावीच्या टक्क्यांपेक्षा मी तो आकडा जास्त मिरवलाय. टक्के तिचे तिने मिळवले होते, हे मार्क माझ्या किडनीचे होते.

मागच्या वर्षी मुलीकडे कॅनडाला गेलो, तिथे तपासणीची वेळ आली. रिपोर्ट आला आणि ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. साखर पाच पॉइंट चार. क्रिएटिनिन एकशे सहा. म्हणाले, "साखरेनं मी सकाळीच गेलोय आणि क्रिएटिनिननं काल." मुलगी हसायला लागली. म्हणाली, "बाबा, आकडा वाचताना पुढचं एककही वाचायचं असतं. पुण्यात मिलिग्रॅम पर डेसिलिटर असतं, इथे साखर मिलिमोल पर लिटरमध्ये देतात आणि क्रिएटिनिन मायक्रोमोलमध्ये."

तिने ते मला केळ्यांवरून समजावलं. आपण मंडईत केळी डझनावर घेतो, त्या लोकांच्या दुकानात ती वजनावर मिळतात. केळी तीच. पुण्याची लॅब शंभर मिलिलिटर रक्तात साखर वजनाने किती ते सांगते, तिथली लॅब एका लिटरमध्ये तिचे कण किती ते मोजून सांगते. आणि डझनभर केळ्यांचं वजन वेगळं, डझनभर लिंबांचं वेगळं, म्हणून सगळ्याला एकच गुणाकार चालत नाही. तिथल्या साखरेला अठराने गुणायचं, पाच पॉइंट चारचे सत्त्याण्णव होतात. क्रिएटिनिनला सुमारे अठ्ठ्याऐंशीने भागायचं, एकशे सहाचे एक पॉइंट दोन होतात. झालं. माझी किडनी समुद्रापलीकडेही पहिल्या नंबरात होती.

तेव्हापासून हे स्वतःला त्या विषयातले जाणकार समजायला लागले. परत आलो तर आमच्या बिबवेवाडीच्या इमारतीखाली नवी लॅब उघडलेली. आमची नेहमीची लॅब सदाशिव पेठेत, डॉक्टरांच्या दवाखान्याशेजारी. ह्यांचे गुडघे दुखतात, स्कूटरवर मागे बसून माझी बडबड ऐकायची नसते, त्यामुळे म्हणाले, "रक्त ते रक्त. खाली दिलं काय आणि पेठेत दिलं काय?" मीही हो म्हटलं. जिना उतरून दोन मिनिटांत काम होत असेल तर कुणाला नको असतं.

संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट आला. क्रिएटिनिन एक पॉइंट पाच, पुढे लाल अक्षरात एच, म्हणजे हाय, हवा त्यापेक्षा जास्त.

हे लगेच म्हणाले, "एकक बदललं असेल." मी चष्मा लावून बघितलं. मिलिग्रॅम पर डेसिलिटरच होतं. गुणायला काही नाही, भागायला काही नाही. एकावर दोन म्हणजे पास आणि एकावर पाच म्हणजे काय, ते आम्हा दोघांना चांगलं ठाऊक होतं. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनीच बजावलं होतं, पाव हिश्श्याने आकडा वर गेला तर थांबायचं नाही, शरीर किडनीवर उठलं असेल. मग बायॉप्सी, म्हणजे सुई घालून माझ्या किडनीचा तुकडा काढून बघायचा. आणि खरंच उठलं असेल तर जबरदस्त औषधं, आणि तरीही ती जाऊ शकते. पुन्हा डायलिसिस. आणि मी पुन्हा द्यायला काही शिल्लक ठेवलेलं नाही.

ह्यांनी टीव्ही लावला आणि आवाज बंद ठेवला. मला राग आला. ह्यांचा नाही, त्या किडनीचा. मी तिला म्हटलं, मनातल्या मनात, एवढी वर्षं कॉलर ताठ करून फिरले तुझ्या जिवावर, आता खाली बघायला लावू नकोस.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "लॅब बदललीत?" ह्यांनी मान डोलावली. डॉक्टर म्हणाले, "मग घाबरायचं की नाही ते आपण उद्या ठरवू. एकदाच सुई टोचायची, एकाच वेळी दोन नळ्या भरायच्या. एक नेहमीच्या लॅबला, एक त्या नव्या लॅबला. औषधाची पातळीही बघू." मग माझ्याकडे वळले. "आणि काकू, तुमची वर्षाची तपासणी राहिलीय. तीही करून टाका."

नेहमीच्या लॅबच्या मॅडम स्वतः पॅथॉलॉजिस्ट आहेत. त्यांनीच रक्त काढलं. मी धुसफुसतच होते. म्हटलं, "त्या नव्या लॅबवाल्याला जाऊन चांगली सुनावते. माणसाचा जीव जातो आणि त्याचं मशीन वाटेल ते छापतं."

"सुनावू नका," त्या म्हणाल्या. "त्यांचा आकडा खोटा असेल असं नाही." त्यांनी नवा रिपोर्ट आणि आमचा जुना रिपोर्ट शेजारी ठेवले आणि आकड्यावरून बोट उचलून बाजूच्या रकान्यावर ठेवलं. नव्या लॅबची पुरुषांची रेंज शून्य पॉइंट आठ ते एक पॉइंट चार. त्यांच्या लॅबची शून्य पॉइंट सात ते एक पॉइंट दोन. एवढ्या वर्षांत मी तो रकाना कधी वाचलेलाच नव्हता. माझं लक्ष फक्त माझ्या मार्कांवर.

त्यांनी सांगितलं ते असं. नव्या लॅबकडे जुनी पद्धत आहे. रक्ताच्या नमुन्यात एक रसायन घालतात, क्रिएटिनिन असेल तसा नारिंगी रंग चढतो, रंग जितका गडद तितका आकडा मोठा. पण रक्तातल्या दुसऱ्याही काही गोष्टी थोडा रंग देतात, म्हणून आकडा जरा फुगतो. मॅडमच्या मशीनमध्ये एन्झाइम आहे, ते क्रिएटिनिनशिवाय बहुतेक कशाला हात लावत नाही. मग रेंजही वेगळी येणार, कारण निरोगी माणसांना त्याच पद्धतीने मोजूनच ती ठरवतात. पट्टी बदलली तर मोजमाप बदलणारच.

"म्हणजे कंपनीने छापून दिलेली रेंज तुम्ही तशीच लावता?" मी विचारलं. मला अजून भांडायचं होतं.

"नाही. मशीन आल्यावर वीस निरोगी माणसांचं रक्त तपासून बघितलं, ती रेंज आपल्या लोकांना लागू पडते की नाही ते."

"सदाशिव पेठेत वीस निरोगी माणसं मिळाली तुम्हाला?"

"शोधायलाच वेळ लागला," मॅडम गंभीरपणे म्हणाल्या. "ज्यांना नको म्हटलं, ते अजून बोलत नाहीत."

मला हसू आलं, पण ते वरवरचं होतं. दोन पद्धतींत फरक पडतो हे खरं, पण ह्यांच्या बाबतीत तेवढंच झालंय असं अजून कुणी म्हणालं नव्हतं. आकडा खरंच चढलेला असू शकत होता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी तीनदा ओटा पुसला आणि ह्यांनी एकच पेपर दिवसभर वाचला.

दुपारी दोघं लॅबमध्ये गेलो. नव्या लॅबचा रिपोर्ट ह्यांच्या मोबाइलवर आलेलाच होता, पुन्हा एक पॉइंट पाच. मॅडमनी आपला कागद पुढे केला. एक पॉइंट दोन. तेच रक्त, तीच वेळ. औषधाची पातळीही जिथे हवी तिथे. डॉक्टरांनी शेजारून फोनवरच सांगितलं, "काही झालेलं नाही. यापुढे लॅब बदलायची नाही." जीव भांड्यात पडला. मी खुर्चीत बसून सरळ रडले, आणि रडतानाच ह्यांना म्हटलं, "बघितलंत? ती जागची हलली नाहीये." ह्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. चारचौघांत हात ठेवणारा हा माणूस नव्हे.

मग ह्यांनी माझा रिपोर्ट उचलला आणि ह्यांचा चेहरा उतरला. एक पॉइंट एक. बायकांची रेंज शून्य पॉइंट पाच ते शून्य पॉइंट नऊ. पुढे लाल एच. माझा रिपोर्ट दरवर्षी डॉक्टर बघायचे, छान म्हणायचे, मी घडी घालून पर्समध्ये टाकायचे. ह्यांनी तो कधी हातात घेतलाच नव्हता. म्हणाले, "हे माझ्यामुळे झालं."

मॅडमनी संगणकावर माझे जुने आकडे काढले. ऑपरेशननंतर स्थिरावल्यापासून दरवर्षी एक पॉइंट एक, जरा खाली, जरा वर. "काका, ह्या रेंजमधल्या प्रत्येक बाईला दोन किडन्या आहेत," त्या म्हणाल्या. "काकूंनी एक दिली. उरलेली एकटी एवढं काम करतेय. काकूंना त्या बायकांशी नाही, काकूंशीच ताडून बघायचं, आणि त्यात त्या कुठेही घसरलेल्या नाहीत."

ह्यांचं समाधान होईना. "मग तो एच तरी काढून टाका. बघवत नाही."

मॅडम म्हणाल्या, तो संगणक आपोआप टाकतो, पण खाली तशी टीप लिहून देता येईल.

"काही लिहू नका," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच, पलीकडच्या बाकावरच्या बाई वळून बघायला लागल्या, तर मी त्यांनाही सांगितलं. "दोन-दोन किडन्या घेऊन रेंजमध्ये बसायला काय लागतं? मी एकीवर आहे. माझी दुसरी ह्यांच्या पोटात आहे, आणि ह्यांच्यापुढे एच नाही."