मावशीचा गुडघा आणि मधलं यमक

फुगडीसाठी मी ओळ लिहिली होती: ‘भाकर थापू, कांदा सोलू, पोरं शिकवू, गिरकी घे.’ गुडघेदुखीने बेजार शांतामावशी त्या ओळीवर बैलगाडीसारखी फिरत होती. मी गंमत म्हणून दोन शब्द बदलले: ‘भाकर थापू, कांदा कापू, पोरं झापू, गिरकी घे.’

मात्रा तेवढ्याच. पण थापू ऐकलं की कान कापूकडे धावतो, कापूवरून झापूकडे, आणि पाऊल प्रत्येक यमकावर आपटतं. ओळ संपण्याआधीच तीन धक्के, मध्ये श्वासाला जागा नाही. मावशीचा भोवरा झाला; वाऱ्याने शेजारच्या गावातले दिवे विझले असतील. दोन शब्दांत एवढी ताकद? गुडघा निखळेल म्हणून मी ओरडलो, ‘कांदा सोलू!’ यमक तुटलं, पावलं अडखळली, फुगडी थांबली.

मावशी धापा टाकत म्हणाली, “मेल्या, सोलू कशाला म्हणालास? आत्ता कुठे गुडघा विसरले होते.”