पंधराच्या पुढचा गट

आमचे हे बुद्धिबळ शिकवतात. मोहऱ्याला हात लावला की तोच चालायचा, हा नियम ते घरातही पाळतात. उन्हाळी बॅचचं कॅप्शन त्यांनी अख्खी संध्याकाळ डोकं धरून लिहिलं: "गट: ६ ते ९, १० ते १४, १५ च्या पुढे. शेवटी खऱ्या स्पर्धेत खेळायची संधी. फी दोन हजार. पहिला तास चाचणीचा, मोफत."

"अहो, पुढे म्हणजे कुठवर? वरचं वय टाका."

"पोस्ट झालंय. आता बदल नाही."

मी कपाळावर हात मारला.

चाचणीला पंधराच्या पुढच्या गटात एकच विद्यार्थी आला: माझ्या सासूबाई. लहानपणी यांचा पट माळ्यावर फेकणाऱ्या त्याच.

"कॅप्शन वाचलं मी," म्हणाल्या आणि बसल्या.

हे समोर बसले. चार-पाच चालींनंतर सासूबाईंनी वजिराला हात लावला आणि दचकून काढला. "अगं बाई, हा मरेल की! दुसरं खेळू?"

सगळी पोरं टकामका सरांकडे बघायला लागली.

यांनी वजीर त्याच्या घरात नीट बसवला.

"खेळ आई," म्हणाले, "चाचणीत चालतं."