जरा जास्तच जुळलेलं इंग्रजी

आमच्या खंडाळ्याच्या कारखान्याच्या कर्मचारी पुस्तिकेतलं लैंगिक छळाविरुद्धचं धोरण मी मराठीत केलं होतं. ते नीट उतरलंय का, हे तपासायला सांगलीच्या एका अनुवादक बाईंनी मूळ इंग्रजी न बघता, फक्त माझ्या मराठीवरून परत इंग्रजी करायचं ठरलं होतं.

त्यांचं इंग्रजी आलं आणि माझं डोकंच फिरलं. स्वल्पविरामसुद्धा मुळाबरहुकूम! असं कधी होत नसतं. बाईंनी नक्कीच चोरून बघितलं असणार.

मी तिन्ही मसुदे शेजारी ठेवले. तक्रार केली म्हणून कुणाला कामावरून काढता येणार नाही, हे वाक्य दोन्ही इंग्रजीत होतं. माझ्या मराठीत ते नव्हतंच. माझ्याच हातून सुटलं होतं.

मी बाईंना फोन लावला.

"अहो, मूळ मसुदा तुमच्याच साहेबांनी पाठवला की! म्हणाले, काम लवकर उरकेल."

मी तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेले. ते हसत म्हणाले, "सगळं जुळलंय ना? मग छापायला द्या."

"इंग्रजी इंग्रजीशी जुळलंय, साहेब," मी म्हणाले. "खाली मशिनवरच्या बायका मराठी वाचणार आहेत."