सोळा स्क्रू आणि दोन मिनिटं

मनोरमा राऊत बोलायला लागली की लोक आधी खुर्ची शोधतात. ती उगाच बोलत नाही. फक्त मुळापासून सांगते. वसईजवळच्या होळी गावातल्या त्यांच्या वाडीत रीतच तशी. कोणी आजारी पडलं हे सांगायचं तर आधी तो कोणाचा जावई, त्याची विहीर कुठली, त्याच्या आजोबांनी ती कोणाकडून घेतली, हे सगळं झाल्यावर ताप येतो. ऐकणाऱ्यालाही घाई नसते. वाफ्यात पाणी सोडलेलं असतं आणि ते आपल्या गतीने चाललेलं असतं.

कारखान्यात पाणी असं चालत नाही.

वसई पूर्वेला एका औद्योगिक वसाहतीत बिजागऱ्यांचा हा कारखाना आहे. मनोरमा तिथे बावीस वर्षं पॅकिंगला आहे, त्यातली अकरा पॅकिंगची सुपरवायझर म्हणून. तिच्या हाताखाली नऊ बायका. काम सांगायला सोपं आहे. एका खोक्यात बिजागऱ्यांची एक जोडी, बाहेरून बंदच येणारं सोळा स्क्रूंचं एक पाकीट, एक कागद. झाकण, चिकटपट्टी, पुढचा खोका. मिनिटाला सहा. दिवसभर उभ्याने.

गेल्या पावसाळ्यापासून गिऱ्हाइकांच्या तक्रारी वाढल्या. खोक्यात स्क्रू कमी. कधी पंधरा, कधी चौदा. सुतार दारात उभा, दार हातात आणि शेवटचं भोक रिकामं. शिव्या थेट कारखान्याच्या नंबरावर येत. प्रॉडक्शन मॅनेजर जितेंद्रने सरळ हिशेब मांडला. खोका शेवटी कोणाच्या हातून जातो? पॅकिंगच्या. मग पॅकिंग बाहेरच्या कंत्राटदाराला देऊ. दसऱ्यानंतर.

म्हणजे दसऱ्यानंतर नऊ बायका घरी.

जितेंद्र वाईट माणूस नव्हे. मनोरमाला तो मावशी म्हणतो आणि तिच्या डब्यातली वालाची भाजी हक्काने खातो. ही बातमीसुद्धा त्याने भाजी खाता खाताच सांगितली. पुढे त्याला घास गिळवेना, तेव्हा मनोरमानेच त्याला पाणी दिलं.

त्या दिवसापासून ती जेवणाच्या सुट्टीत स्टोअरमध्ये जाऊ लागली. तिथे एक छोटा वजनकाटा होता, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा. पुठ्ठ्याच्या पेट्यांतली स्क्रूंची पाकिटं, लाइनवर यायच्या आधीच, न फोडता, ती एकेक करून त्याच्यावर ठेवी. भरलेलं पाकीट साधारण चाळीस ग्रॅम. एक स्क्रू कमी असला की काटा साडेसदतीसला थांबे. आठ दिवसांत सहाशे चाळीस पाकिटं झाली. अकरा हलकी निघाली. फोडून मोजली तर अकराच्या अकरांत स्क्रू कमी.

तिने वहीचं ते पान जीनाला दाखवलं. जीना गास गावची. लाइनवर मनोरमाच्या शेजारीच तिची जागा, वय तेच, जीभ मात्र दुप्पट.

"मनू, म्हणजे चोर आम्ही नाही!"

"नाही."

"मग जा ना सांगायला! इथे काय बसलीस?"

सांगायचं कोणाला, हे उघड होतं. कारखान्याची प्रमुख ब्रेंडा मॅडम. तिच्या शब्दाशिवाय लाइनवर साधं टेबलही हलत नाही. पण तिला गाठणं कठीण. तिचा फोन एका कानाला, फाइल दुसऱ्या हातात, आणि पाठीमागे सह्यांसाठी रांग. मनोरमाने तिला जिन्यात अडवलं.

"शुक्रवारी दहा वाजून वीस मिनिटांनी," ब्रेंडा मॅडम पायऱ्या उतरता उतरता म्हणाली. "साडेदहाला माझी मीटिंग आहे. दोन मिनिटं देते, मनोरमाताई. दोनच."

गुरुवारी कँटीनमध्ये तालीम झाली. जीनाने मोबाइलवर वेळ लावली.

"मॅडम," मनोरमाने सुरुवात केली, "मी या कंपनीत लागले तेव्हा आपलं पॅकिंग त्या जुन्या शेडमध्ये होतं. तेव्हा स्क्रू सुटे यायचे. मोठे साहेब स्वतः मोजायला बसायचे. त्यांच्या हाताला एकदा…"

मोबाइल किणकिणला.

"झाली दोन मिनिटं," जीना म्हणाली.

"एवढ्यात?"

"अगं, साहेबांच्या बोटाला पट्टी बांधेपर्यंत मॅडम मीटिंगला पोचलीसुद्धा. आपण अजून पाकिटापर्यंत आलोच नाही."

दुसऱ्या खेपेला तिने जुनी शेड वगळली. पण आठ दिवसांची हकीकत दिवसवार सांगितली. पुन्हा किणकिण. तिसऱ्या खेपेला तिने आवाज चढवला. आमच्या बायका प्रामाणिक आहेत, सालोमी तर हरवलेलं पाच रुपयांचं नाणंसुद्धा परत करते, आणि तुम्ही आम्हाला…

जीनाने मोबाइल उलटा ठेवला.

"हे मॅडमला कशाला?"

"खरं आहे ते."

"खरं आहे गं. पण तिला काय पाहिजे? एक तारखेला त्या मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं तपासणीला येणार. तिला त्यांच्यापुढे तोंड दाखवायचंय. सालोमीचं नाणं ती काय त्यांना दाखवणार?"

मनोरमाने चहाचा ग्लास बाजूला सरकवला. मग वहीचं एक कोरं पान फाडून तिने त्यावर लिहिलं. चार ओळी झाल्यावर तिने एक ओळ खोडली. ती ओळ खोडताना पेन कागदात रुतलं. 'यात पॅकिंगच्या बायकांचा काहीही दोष नाही.'

शुक्रवारी दहा वाजून एकवीस मिनिटांनी ब्रेंडा मॅडम लाइनपाशी आली. बरोबर जितेंद्र. मनोरमाने टेबलावर काटा आणून ठेवला होता आणि काट्याशेजारी दोन पाकिटं. लाइन चालू होती. नऊ बायकांचे हात खोक्यांवर होते आणि नऊ जणींचे कान टेबलावर.

"बोला," ब्रेंडा मॅडम म्हणाली.

मनोरमाचं तोंड उघडलं आणि आपोआप बाहेर पडलं, "मॅडम, मी इथे लागले तेव्हा…"

जीनाच्या हातातून चिकटपट्टीचं रीळ जमिनीवर पडलं. मुद्दाम पडलं की चुकून, हे जीनाने आजवर कबूल केलेलं नाही.

मनोरमा थांबली. एक श्वास घेतला. दोन्ही पाकिटं उचलून ब्रेंडा मॅडमच्या दोन तळव्यांवर ठेवली.

"यातलं एक पाकीट कमी आहे. कुठलं?"

ब्रेंडा मॅडमने हात खालीवर केले. पाकिटं हलवली. फोन वाजला, तिने तो वाजू दिला.

"कळत नाही."

"आम्हालाही कळत नाही. याला कळतं."

तिने पहिलं पाकीट काट्यावर ठेवलं. चाळीस. दुसरं ठेवलं. साडेसदतीस.

"एक स्क्रू कमी. लाइनवर यायच्या आधी मी अशी सहाशे चाळीस बंद पाकिटं तपासली. अकरा कमी निघाली. एक तारखेला तपासणी आहे. त्याआधी कमी पाकीट खोक्यात जाणं बंद करता येईल. मला तीन आठवडे द्या. आमच्याच लाइनवर. हा काटा, एक टेबल आणि आमच्यातलीच एक बाई. दर शुक्रवारी आकडा तुमच्या टेबलावर येईल. तोवर कंत्राटाची सही थांबवा."

बोलायला अजून वेळ उरला होता. खोडलेली ओळ जिभेवर आली होती. तिने ती दाताखाली धरली.

"मावशी, पण लाइन स्लो होईल," जितेंद्र म्हणाला. "मिनिटाला सहा खोके आहेत आपले."

"मिनिटाला बारा पाकिटं होतात वजन करून. जेवणाच्या सुट्टीत ये, करून दाखवते. भाजी नंतर खा."

बायकांच्या रांगेतून दबकं हसू आलं. जितेंद्रही हसला, पण सोडलं नाही.

"मग पाकीट कशाला, भरलेल्या खोक्याचंच वजन करू. एकच काम."

"करून बघितलं. बिजागरीच्या वजनातच खाली-वर होतं. दोन स्क्रू कमी असले तरी त्यात लपतात."

जितेंद्रने मान हलवली. हे त्यालाही पटलं.

ब्रेंडा मॅडम अजून त्या हलक्या पाकिटाकडे बघत होती. तिने पाकिटाचं सील दोन्ही बाजूंनी तपासलं.

"हे बाहेरून असंच आलंय? की आपल्या स्टोअरमध्ये काही होतंय?"

"ते मला अजून माहीत नाही," मनोरमा म्हणाली. "पेट्या आल्या आल्या तपासल्या, की तीन आठवड्यांत कळेल."

"पण पाकीट बंद आहे."

"हो."

"म्हणजे पॅकिंगला येण्याआधीच स्क्रू कमी आहेत." ब्रेंडा मॅडमने जितेंद्रकडे बघितलं. "मग आपण पॅकिंग बाहेर देऊन नक्की काय सुधारणार होतो?"

जितेंद्रने पाकिटाकडे बघितलं, काट्याकडे बघितलं आणि कानामागे खाजवलं.

लाइनवर एकही खोका मिनिटभर पुढे सरकला नाही. कोणी कोणाला ओरडलं नाही.

"तीन आठवडे नाही," ब्रेंडा मॅडम म्हणाली. "तपासणीच्या आधी मला आकडा हवा. दोन आठवडे. सोमवारपासून. जितेंद्र, टेबल आणि माणूस तू द्यायचा, आणि वेग कमी झाला तर मला सांगायचं, थांबवायचं नाही. कंत्राटाची फाइल माझ्याकडे आण. ती माझ्या कपाटात राहील. शुक्रवारी आकडा नाही आला तर मात्र बाहेर काढेन, मनोरमाताई."

"येईल, मॅडम."

"आणि तो साधा लिहा. एका पानावर. तपासली किती, कमी किती, कुठल्या पेटीतली."

ती निघाली. चार पावलांवर वळली.

"तुम्ही इथे लागलात तेव्हा काय झालं होतं?"

"ते मोठं आहे, मॅडम."

"मग डिसेंबरात सांगा. पिकनिकला. बसमध्ये वेळ असतो."

ती जिना चढून गेल्यावरच रांगेत आवाज फुटला. जीनाने मनोरमाच्या पाठीत इतक्या जोरात थाप मारली की तिचा चष्मा नाकावर घसरला. सालोमीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि हातांच्या आड ती हसत होती की रडत होती, ते तिलाही सांगता आलं नसतं. जितेंद्र टेबल शोधायला स्टोअरकडे गेला. जाताना म्हणाला, "मावशी, माझी मान कापलीस, पण बरी कापलीस."

मग खरा तंटा सुरू झाला.

"काट्यावर कोण बसणार?" रिद्धीने विचारलं. ती सगळ्यांत नवीन, जूचंद्रहून येणारी.

मग एकदम सगळ्यांना उमजलं. काट्याचं काम बसून करायचं असतं. बावीस वर्षांत पॅकिंगला खुर्ची मिळालेली नव्हती.

"माझ्या टाचेला दुखणं आहे," सालोमी म्हणाली.

"तुझ्या टाचेला नाताळात नाचताना काही होत नाही!"

"नजर माझी चांगली आहे."

"अगं, आकडा एवढा मोठा दिसतो, नजर कशाला लागते?"

"मी सर्वांत जुनी," जीना म्हणाली.

"जुनी मी आहे," मनोरमा म्हणाली.

"तू सुपरवायझर. तू हिंडायचं."

मनोरमाने वही उघडली आणि नऊ नावांची यादी केली. प्रत्येकीला एक-एक तास, पाळीपाळीने. नावं अक्षरानुक्रमे लावली, म्हणजे कोणी रुसणार नाही. तरी तिघी रुसल्या. सोमवारी पहिला तास जीनाचा आला. ती खुर्चीवर बसली, पदर सारखा केला आणि पहिलं पाकीट काट्यावर ठेवताना रांगेत उभ्या असलेल्यांकडे अशा रुबाबात बघितलं, की रिद्धी म्हणाली, "जीना मावशी, चहा आणू का तुम्हाला?"

"आण," जीना म्हणाली. "साखर कमी."