दमयंतीबाईंची पहिली दहा मिनिटं

रत्नागिरीच्या सल्ला केंद्रात दमयंतीबाईंना सगळे 'गप्पावाल्या बाई' म्हणतात. म्हणोत बापडे. आल्याआल्या माणसाला "काय त्रास?" विचारणं म्हणजे पाहुण्याला पाणी देण्याआधीच "काय काम काढलंत?" विचारणं, असं त्यांचं मत. म्हणून खुर्च्या जरा तिरप्या, समोर कागद नाही, आणि आधी इकडचं तिकडचं.

पण शहाणीही कधी ठेचकाळते.

त्या मंगळवारी जयगडच्या फातिमाबींनी नवऱ्याला, गफूरभाईंना, अक्षरशः ओढत आणलं. कुवेतला एका कंपनीच्या मेसमध्ये आचारी. सुट्टीवर आले ते घरात कोंडून बसले. ना मशिदीत जाणं, ना कुणाशी बोलणं. "एकदाच येईन" असं बजावूनच ते एसटीत चढले होते. आज गप्प राहिले तर पुन्हा पाय ठेवणार नाहीत, हे दमयंतीबाईंना पक्कं ठाऊक होतं.

फातिमाबी बाहेर बसल्या. आत चहा आला. बाई मोकळेपणानं म्हणाल्या, "मग गफूरभाई, परत कधी?"

आखातातून आलेल्या माणसाला इथं जो तो हेच विचारतो, मायेनंच. पण गफूरभाईंचा चेहरा पडला. कप तसाच ठेवून ते उठले.

बाईंनी सारवासारव केली नाही.

"चुकलं माझं. घाईच केली. याचं उत्तर नका देऊ. चहा तेवढा घ्या, मग खुशाल जा."

एवढी मोठी बाई चूक कबूल करते म्हटल्यावर गफूरभाई जरा घुटमळले, बसले. त्यांनी घोट घेतला की दमयंतीबाईही घेत होत्या, त्यांच्याच संथपणानं.

"आलं फार झालंय," गफूरभाई पुटपुटले.

"चहा करणाऱ्या आमच्या गंगाचा हात सैल आहे. तुम्ही मेसमध्ये कसा करायचात?"

मग काय, माणूस खुललाच. केवढं पातेलं, दूध कधी घालायचं, वेलची हाताखालच्या पोरापासून कशी लपवायची. बाई मनापासून हसल्या. तेही हसले. मग बाईंनी हळूच सांगितलं, "इथलं बोलणं इथंच राहतं. फातिमाबींनासुद्धा मी सांगणार नाही."

गफूरभाईंनी रिकामा कप खाली ठेवला.

"सुट्टी नाही, बाई. नोकरी गेली. घरात अजून सांगितलं नाही. आणि गावभर एकच, परत कधी, परत कधी."

पुढचा तास कसा गेला कळलं नाही. निघताना ते आपणहून म्हणाले, "पुढच्या मंगळवारी येतो. चहा मी करणार."

दाराशी उभ्या फातिमाबींनी ते ऐकलं. "घरी एकदा तरी केलात काय?" त्या फणकारल्या, पण डोळे भरून आले होते.

"आज करतो," गफूरभाई म्हणाले. "माझ्याजवळ बसून पी. तुला एक सांगायचंय."