भिंत नको म्हणणारी डोमितिल्ला

बिशपांचा तपासनीस येतोय, ही बातमी डोमितिल्ला झुकोनीला तिच्या वहिनीने सांगितली. उकळत्या कढईतून रेशमाचे कोश काढताना, मान वर न करता.

"वन्सं, ऐकलंत का? तुम्हा संघातल्या सगळ्यांना आता मठात कोंडणार म्हणे."

डोमितिल्लाच्या हातातला धागा तुटला. पिएरिना वहिनीने तो मुकाट्याने उचलून दुसऱ्या कोशाला जोडून दिला. जीभ तिखट असली तरी पिएरिनाचं बोट कामात कधी चुकत नसे.

इझेओ सरोवराच्या काठच्या त्या गावात डोमितिल्लाला दुरून चालीवरूनच ओळखत. वय अडतिसाच्या पुढे, लग्न नाही, आणि मठवासीही नाही. बायकांना दोनच दारं ठाऊक असलेल्या गावात हे तिसरं काय, म्हणून सुरुवातीला लोक हसले होते. वीस वर्षांपूर्वी ती संत उर्सुलेच्या संघात गेली. जायचं म्हणजे कुठेच जायचं नव्हतं. घरीच राहायचं, भावाचं रेशीम उकलायचं, काळसर साधे कपडे घालायचे, रोज चर्चमध्ये मिस्साच्या उपासनेला जायचं, कौमार्य देवाला वाहून टाकायचं. मठासारखा हुंडा लागत नव्हता, कुलूप नव्हतं. पोपला न मानणाऱ्या ल्यूथरच्या माणसांनी उत्तरेकडच्या अर्ध्या मुलखाला आपलंसं केलं, ते आपल्या अडाणीपणामुळेच, असं त्या काळी पुष्कळांचं मत झालं होतं. ख्रिस्ती म्हणवणाऱ्या माणसाला साधी प्रार्थना येत नव्हती, आणि पाद्रीबुवालाही कधीकधी धड येत नव्हती. म्हणून मग अशा बायका उभ्या राहिल्या, ज्या गल्लीत फिरून मुली गोळा करतील आणि त्यांना शिकवतील.

डोमितिल्ला ते करत असे. सणावारी दुपारी हातात घंटी घेऊन निघायची, खेळणाऱ्या मुलींना चर्चमध्ये घेऊन यायची. मधोमध जाड पडदा: एकीकडे मुलगे, त्यांना शिकवणारे पुरुष, दुसरीकडे मुली आणि बायका. छोट्या पुस्तकात प्रश्न आणि उत्तरं. "तू ख्रिस्ती आहेस का?" "देवाच्या कृपेने आहे." पाठ करता करता मुली अक्षरं ओळखू लागत. पुस्तक पुरं होईतो निम्म्या जणी वाचायला शिकलेल्या असत.

आणि महिन्यातून दोनदा ती जुस्तीनाबरोबर डोंगरावरच्या वाडीला जाई. जुस्तीना तिची संघातली सखी, सुताराची मुलगी, हसरी, थोडी भित्री. वाडीत पाद्री क्वचित येई. तिथले पुरुष पलीकडच्या खिंडीतून जर्मन मुलखात लोकर घेऊन जात आणि परत येताना नवी मतं घेऊन येत. वाडीतली एक पोर डोमितिल्लाला म्हणाली होती, "बाबा सांगतात, पाद्रीला पाप सांगायची गरज नाही, देवाला सांगितलं की झालं." डोमितिल्लाने तिथेच उंबऱ्यावर बसून तिला, तिच्या आईला आणि जमलेल्या चार शेजारणींना प्रार्थनेतली ओळ न् ओळ आपल्या शब्दांत समजावली होती.

आता कोश उकलताना तेच तिला पुन्हा पुन्हा आठवत होतं. कारण पुस्तकातलं म्हणून दाखवणं वेगळं, आणि समजावून सांगणं म्हणजे प्रवचन. बायकांना प्रवचनाची मुभा नव्हती.

दुसऱ्या दिवशी संघाची प्रमुख, मादोन्ना म्हणजे बाईसाहेब लेलिया, हिने सगळ्यांना घरी बोलावलं. ती विधवा, घरंदाज आणि स्पष्ट बोलणारी. संघात अशा मोठ्या बायका पोरींवर लक्ष ठेवत, अडल्यानडल्याला भावाबापांशी बोलत.

"ऐका," ती म्हणाली. "एका व्यापाऱ्याने संघाला घर देऊ केलंय. अट अशी, की सगळ्यांनी तिथे एकत्र राहायचं. पुढे कदाचित जाळी बसेल, बाहेरच्यांशी तिच्याआडूनच बोलायचं. त्रेंतच्या धर्मसभेने ठरवलंय, व्रत घेतलेल्या बायकांनी भिंतीच्या आतच राहायचं. आपण म्हणतो आपलं व्रत तसं नाही, जाहीर विधीतलं नाही, खाजगी आहे. पण ते ऐकतील का, मला ठाऊक नाही."

"मग मुली?" डोमितिल्लाने विचारलं.

"मुली जाळीकडे येतील."

"वाडीतल्या कशा येतील?"

जुस्तीना डोक्यावरच्या रुमालाचं टोक पिळत बसली होती.

परतताना जुस्तीना म्हणाली, "मला वाईट नाही वाटत गं. बापाच्या घरी भावजया मला रोज ऐकवतात. तिथे निदान आपल्या माणसांत राहू."

डोमितिल्लाला दुसरंच आठवत होतं. जुस्तीनाचा चुलतभाऊ जेसुइट पाद्र्यांच्या संघात गेला होता. त्या नव्या मंडळींना मठात जमून ठरल्या वेळी स्तोत्रं म्हणायचंही बंधन नव्हतं. का, तर पाय मोकळे राहावेत म्हणून. पोप म्हणेल तिथे निघायचं, हे त्यांचं जास्तीचं व्रत. तो लिस्बनला जहाजात चढला होता, गोव्याला उतरणार होता, पुढे जपान का कुठे. घरचे त्याच्या नावाने मेणबत्ती लावत आणि त्याचं कौतुक करत. डोमितिल्लाला फक्त अर्ध्या दिवसाच्या चढणीवर जायचं होतं. त्या विचाराने तिला राग आला, आणि रागाचं भय वाटलं. देवाची इच्छा भिंतीत असेल तर? आपण आज्ञा मोडायला निघालो आहोत का?

घरी तिच्या भावाने, बेत्तीनोने, जेवताना विषय काढला. ताटात घट्ट पेज आणि भाजलेली सुकी मासळी होती.

"डोमी, जा की त्या घरात. वाईट काय आहे?"

"दादा, तुला मी जड झाले का?"

"तसं नाही. पण बाई एकटीदुकटी डोंगर चढते, लोक बोलतात. उद्या काही झालं तर घराचं नाव जाईल. शिवाय मठात गेलीस की वाटणीचा प्रश्नही मिटतो."

"आलं बघा पोटातलं ओठावर," पिएरिना म्हणाली आणि त्याच्या ताटात जोरात पेज वाढली.

तपासनीस आले. पाद्री डॉन आस्कानिओ, पन्नाशीचे, सर्दीने बेजार, नाक पुसत बोलणारे. त्यांनी दोन दिवस चर्च पाहिलं, पडद्याआडून शाळा ऐकली, मग संघातल्या एकेकीला चर्चच्या पाठच्या खोलीत, साक्रिस्तीत, बोलावलं. डोमितिल्लाची पाळी शेवटी होती. बाकावर बसून बसून तिचे पाय गार पडले.

"तू काय वचन दिलंस?" त्यांनी विचारलं.

"कौमार्याचं, फादर. संघाच्या नियमाचं."

"कोणासमोर?"

"देवासमोर. आणि मादोन्ना लेलियांसमोर."

"बिशपांसमोर नाही?"

"नाही, फादर."

कोपऱ्यात बसून लिहिणाऱ्या कारकुनाची लेखणी खरखरली. "वाडीत जातेस?"

"जाते."

"कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही. तिथे पोरी होत्या म्हणून."

त्यांनी नाक पुसलं. "तिथे तू प्रवचन दिलंस, अशी माझ्या कानावर गोष्ट आली आहे."

घरून तिने उत्तर तयार करून आणलं होतं: मी पुस्तकातलंच सांगितलं, शब्द फक्त माझे. ते आता आठवेना. ती म्हणाली, "सांगितलं खरं." आणि मग, काही सुचेना म्हणून, "चुकलं असेल तर सांगा. पण त्या पोरीला उत्तर द्यायला दुसरं कोणी नव्हतं."

"उत्तर चुकीचं दिलं असतंस तर?"

तिला वाडीतला तो उंबरा आठवला. चार शेजारणी ऐकत होत्या, आणि आपण नेमकं काय बोललो ते तिला धड आठवतही नव्हतं. ती मान खाली घालून उभी राहिली. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पाहिलं की नाही कोण जाणे.

"ते भय तुला वाटायला हवं," डॉन आस्कानिओ म्हणाले. आवाज कठोर नव्हता. "मलाही वाटतं, प्रत्येक प्रवचनाआधी. जा."

निकाल रविवारी मिस्सानंतर वाचला गेला. तोवरच्या तीन रात्री डोमितिल्लाने जेमतेम झोपून काढल्या. ठरलं ते असं: ज्यांना हवं त्यांनी त्या घरात एकत्र राहावं, बाकीच्यांनी आपापल्या घरी. जाळी तूर्त नाही. पण यापुढे संघावर बिशपांनी नेमलेला पाद्री देखरेख करील, वचन त्याच्यासमोर द्यायचं, कमरेला चामड्याचा पट्टा बांधायचा. शिकवताना पुस्तकापलीकडे एक शब्द नाही. आणि गावाबाहेर कोणीही एकटी जाणार नाही. बरोबर संघातली दुसरी, नाहीतर सणावारच्या शाळेच्या शिक्षणमंडळीत नाव घातलेली एखादी प्रौढ, नावलौकिकाची बाई हवी.

डोमितिल्लाला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग जुस्तीनाने तिचा हात धरला.

"मी त्या घरात जातेय. रागावू नकोस."

"नाही रागावत."

"मग वाडीला कोणाबरोबर जाशील?"

तेच तर होतं. संघातल्या उरलेल्या सगळ्या जणी एकतर म्हाताऱ्या, नाहीतर आईबाप चढणीवर पाठवणार नाहीत अशा कोवळ्या. डोमितिल्लाने दोघी शेजारणींना विचारलं. एकीने गुडघे पुढे केले, दुसरीने नवरा. दोन आठवडे गेले. वाडीचे लोक या वर्षी खिंडीतून लवकर परतणार होते. घरोघरी काय बोललं जाईल, पोरी काय ऐकतील, या विचाराने तिचं कामात लक्ष लागेना. कढईच्या वाफेत उभी राहून ती दिवसातून कितीदा त्या डोंगराकडे बघायची, ते पिएरिना बघत होती.

"वन्सं, ते धागे तुम्ही आज चौथ्यांदा तोडताय," शेवटी ती म्हणाली. "रेशीम फुकट येत नाही आपल्याकडे."

"माफ कर, वहिनी."

"माफी नको. प्रौढ म्हणजे किती प्रौढ लागते?"

डोमितिल्ला बघतच राहिली.

"मी चाळिशीची आहे. नावलौकिकाची आहे की नाही ते तुमच्या भावाला विचारा, त्याला दुसरं सांगायची हिंमत नाही." पिएरिनाने हात पुसले. "पण एक सांगून ठेवते. मला त्यातलं अर्धंच येतं. दहा आज्ञांपैकी सहावी की सातवी माझी नेहमी उलटी होते."

"तू का येशील पण?"

"घरात बसून तुमचं तोंड बघण्यापेक्षा चढण बरी."

बेत्तीनो कुरकुरला. पिएरिनाने त्याला सांगितलं की बहीण एकटी जाते म्हणून लोक बोलत होते, आता ती एकटी नाही. मग अडचण काय? त्याने पेजेचं ताट पुढे ओढलं. संघावर नेमलेला नवा पाद्री मात्र सावध होता. त्याने पिएरिनाचं पापनिवेदन ऐकलं, तिला पुस्तक पहिल्या पानापासून म्हणायला लावलं, आणि ती अडखळली तेव्हा महिनाभर सणावारी शाळेत मुलींबरोबर बसायला सांगितलं. पिएरिना आपल्याच धाकट्या मुलीशेजारी बाकावर बसली आणि उत्तरं घोकली. घरी कढईपाशीही सहावी आणि सातवी आज्ञा पुटपुटत राहिली. मग तिचं नाव मंडळीत घातलं गेलं.

शरदात झाडांवरून चेस्टनटची फळं पडायला लागली तेव्हा दोघी वाडीला गेल्या. डोमितिल्ला वाटभर एकच विचार करत होती. खाली कोण लक्ष ठेवून आहे, वर कोण काय विचारील, आणि विचारलं तर पुस्तकाबाहेर एक शब्द बोलायचा नाही. चौदा पोरी जमल्या. मागे पाप सांगण्याबद्दल बोललेल्या त्या पोरीने पहिल्याच दमात विचारलं, "बाबा म्हणतात, चांगली कामं करून काही मिळत नाही, नुसता विश्वास पुरे. खरं का?"

डोमितिल्लाच्या जिभेवर दहा गोष्टी आल्या. तिने त्या गिळल्या. पुस्तक उघडलं, तिथला प्रश्न वाचला, तिथलं उत्तर वाचलं, आणि पोरीला तीनदा म्हणायला लावलं. पोरीने म्हटलं, पण तिच्या चेहऱ्यावर समाधान नव्हतं. डोमितिल्लाला ते दिसलं.

"पुढच्या खेपेला पाद्रींना विचारून येते," ती म्हणाली.

"आणि तोवर," पिएरिना पोरीला म्हणाली, "बाबांना विचार, विश्वासाने लाकडं फुटतात का. कारण मघापासून तुझी आई एकटीच फोडतेय."

पोरी हसल्या. डोमितिल्लाने घाबरून वहिनीकडे पाहिलं, हे पुस्तकात नव्हतं.

दोघी पुढे अकरा वर्षं जात राहिल्या. दर वेळी परत येताना डोमितिल्लाला वाटे, ही शेवटची खेप. जुस्तीना गेली त्या घराला पुढे खरंच जाळी बसली. तिने मठाचं जाहीर, कायमचं व्रत घेतलं आणि आत राहणाऱ्या मुलींना शिकवू लागली. पैसेवाल्यांच्या मुली, पण चांगल्या शिकल्या. डोमितिल्ला सणाला तिला भेटायला जाई. दोघी जाळीच्या दोन बाजूंना बसत, वाडीतल्या पोरींची नावं एकेक करून घेत, आणि कोण वाचायला लागली ते जुस्तीना विचारत असे.