तीन अंश साठ

औषध कारखान्याच्या तपासणी विभागात तिला सगळे ‘काटेकोर बाई’ म्हणत. काही प्रेमाने, बरेचसे वैतागून. सतरा वर्षं ती पोलारिमीटरच्या, म्हणजे द्रावणातून जाताना प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या यंत्राच्या, पिवळ्या प्रकाशापुढे बसत आली होती आणि कुणी कितीही घाई केली तरी नळीतला बुडबुडा निघाल्याशिवाय आकडा वाचत नसे.

आज मात्र नळीत बुडबुडा सापडावा आणि आकडा चुकीचा ठरावा, असं तिला मनापासून वाटत होतं. माल धाकट्या भावाच्या पाळीतला होता. त्याने एक घाणा आधीच बिघडवला होता. दुसरा बिघडला तर घरी बस, असं साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं.

शंभर मिलीलिटरमध्ये पाच ग्रॅम पावडर, दोन डेसिमीटरची नळी. प्रकाश उजवीकडे वळवणाऱ्या शुद्ध ‘उजव्या’ औषधाचं विशिष्ट वलन चाळीस. म्हणजे यंत्राने चार अंश दाखवायला हवे. दाखवले तीन अंश साठ. तिने नळी धुतली, कोऱ्या द्रावकावर शून्य तपासलं, पुन्हा वजन केलं. पुन्हा तेच.

तिने नळीची लांबी आणि द्रावणाची तीव्रता यांनी भागलं. छत्तीस. चाळिसाच्या मानाने नव्वद टक्के, ती पुटपुटली. हवे होते अठ्ठ्याण्णव.

“नव्वद म्हणजे दहा टक्के खराब?” भावाने दारातूनच विचारलं.

“नाही रे. पाच. शंभरातले पाच डावे रेणू प्रकाश उलटा वळवतात आणि आणखी पाच उजव्यांचं वळण खाऊन टाकतात. उरतं नव्वदांचं.”

“मग पंच्याण्णव चांगलेच आहेत की! ताई, पाचांसाठी माझ्या पोटावर पाय देणार?”

“त्या पाचांनी हृदयाचे ठोके चुकतात. उष्णता जास्त झाली की उजव्यांचे डावे होतात. तू तापमान किती चढवलं होतंस?”

तो आत आला. मग म्हणाला, “एकदा परत बघ. तुझ्या पाया पडतो.”

तिने परत वजन केलं. या वेळी चमचा पाचावर थांबला नाही, साडेपाचाच्या जरा अलीकडे थांबला. सतरा वर्षांत हात असा कधी वाहवला नव्हता. यंत्राने तीन अंश ब्याण्णव दाखवले. पाच ग्रॅम धरून हिशेब केला की बरोबर अठ्ठ्याण्णव.

भावाने आकडा पाहिला आणि तो लहान मुलासारखा हसला. “बघ! माल चांगलाच होता. उगाच तीनदा माझा जीव काढलास!” त्याने तिथूनच बायकोला फोन लावला. “अगं, पास झाला! नोकरी वाचली!”

त्याला खरंच वाटत होतं की आपण चुकलो नव्हतो. उद्याही तो तसंच तापमान चढवणार होता. तिला रडू फुटलं.

“मी पावडर जास्त घातली,” ती म्हणाली. “माल नव्वदच आहे. मी नापास लिहितेय.”

त्याचा फोनचा हात खाली आला. “मग आधी हसू कशाला दिलंस मला?”

तिने नळी बेसिनमध्ये रिकामी केली आणि साहेबांच्या खोलीकडे निघाली. त्याच्या हातातल्या फोनमधून भावजय अजून विचारत होती, “हॅलो? काय म्हणालात? पास ना?”